वजा अठराची गोष्ट

वर्सोव्याच्या त्या मासळीवाल्या मावशींनी मला एकच प्रश्न विचारला होता आणि तो अजून कानात आहे. "बाबा, बर्फ वितळतोय, पाणी ठिबकतंय, नि तुझी पेटी म्हणते वजा पाच. हे कसं?" मी तेव्हा काहीतरी उत्तर दिलं होतं. काय दिलं ते आता लिहायचीही लाज वाटते. 'सेन्सर थोडा सेट व्हायला वेळ घेतो' असलं काहीतरी.

माझा गाळा अंधेरी पूर्वेला, एमआयडीसीत. जुन्या डीप फ्रीझरांचे बिघडलेले थर्मोस्टॅट काढून त्या जागी डिजिटल पॅनल बसवायचं काम मी घेत असे. पॅनल तयार मिळायचं. आकडा दाखवणारं, रिले असलेलं, पाठीमागे 'झीरो' आणि 'स्पॅन' असे दोन बारीक स्क्रू. त्याला तापमान थेट कळत नाही, फक्त व्होल्टेज कळतं आणि त्या व्होल्टेजची सरळ रेघ मारून ते आकडा दाखवतं. सेन्सर आणि त्याच्या पुढची जोडणी माझी. सेन्सर म्हणजे एनटीसी थर्मिस्टर: मँगनीज, निकेल, कोबाल्ट असल्या धातूंच्या ऑक्साइडचा भाजलेला ठिपका, वर काळ्या इपॉक्सीचा थेंब, खाली दोन तारा. गरम झाला की त्याचा रोध उतरतो, थंड झाला की चढतो. लॅमिंग्टन रोडवरून पन्नास नग उचलले होते. पुडीवर पेनाने '१० के' एवढंच लिहिलेलं. बीटा किती, असं मी दुकानदाराला विचारलंही. तो म्हणाला, "साहेब, टेन के म्हणजे टेन के." मला ते पटलं. ही पहिली चूक, आणि पुढच्या बहुतेक चुका तिच्याच पोटातल्या.

१० के म्हणजे २५ अंशांना १० किलोओहम. फक्त २५ अंशांना. बाकी कुठल्याही तापमानाला तो किती असेल, हे त्या दोन अक्षरांत नाही.

जोडणी साधी. पाच व्होल्टपासून थर्मिस्टर, त्याच्या एकसर एक साधा रेझिस्टर, त्याचं दुसरं टोक जमिनीला. दोघांच्या मधल्या बिंदूवरचं व्होल्टेज पॅनलला. तापमान वाढलं की थर्मिस्टरचा रोध उतरतो आणि मधलं व्होल्टेज चढतं. रेझिस्टर किती किमतीचा घ्यायचा? सेन्सर १० केचा, म्हणून मी रेझिस्टरही १० केचा लावला. जोडी जमली असं वाटलं. विचार एवढाच.

मग तपासणी. रसवंतीवरून बर्फ आणला, फोडला, थर्मासमध्ये भरला. सेन्सर आत बुडवून झीरोचा स्क्रू फिरवत ०.० आणलं. गाळ्यात ३० अंश होते, पाऱ्याच्या थर्मामीटरशी लावून स्पॅनने ३०.० आणलं. पुन्हा बर्फ, पुन्हा हवा, असं दोन-तीनदा. मधले आकडे बघायला गार पाणी घेतलं. १० अंशांच्या पाण्याला पॅनल ९.७ म्हणालं, २० च्या पाण्याला १९.९. मी इतका खूश झालो की वरच्या मजल्यावरच्या काकांना दाखवायला घेऊन गेलो. काका सीप्झमधल्या एका कारखान्यात तपासणी विभागात सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी बघितलं, मान हलवली आणि विचारलं, "हे बसणार कुठे?" मी म्हटलं, "फ्रीझरमध्ये. वजा अठराला." ते म्हणाले, "मग वजा अठराला बघितलंस का?" वजा अठरा कुठून आणायचं, असं म्हणत मी हसलो आणि विषय बदलला.

पहिली तीन पॅनल मी चकाला स्टेशनवरून मेट्रोने वर्सोव्याला नेली आणि मावशींच्या फ्रीझरांना लावली. वजा १८ ला कॉम्प्रेसर बंद, वजा १५ ला चालू. दुसऱ्या दिवशी फोन आला: मशीन बंदच होत नाही. मी गेलो. पॅनलवर वजा १६ च्या आसपास काहीतरी, कॉम्प्रेसर गरगरतोय, आतल्या भिंतींवर बर्फाचा थर. पापलेटं दगडासारखी. मी छातीठोकपणे निदान केलं की गॅस कमी आहे. रेफ्रिजरेशनवाल्या दादांना बोलावलं, मावशींनी त्यांचे पैसे दिले. दादांनी गेज लावलं, गॅस बरोबर आहे म्हणाले. मग मी दाराच्या रबरावर घसरलो. तेही बदललं, तेही मावशींच्याच पैशाने. शेवटी दादांनी आपल्या पिशवीतून अल्कोहोलचं थर्मामीटर काढून आत ठेवलं आणि पाच मिनिटांनी मला दाखवलं. वजा २२ होतं. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यावर मी काय केलं? झीरोचा स्क्रू फिरवून पॅनलवरचा आकडा पाच अंशांनी खाली आणला. वजा वीसच्या आसपास आता बरोबर दाखवायला लागलं, कॉम्प्रेसर वेळेवर बंद होऊ लागला आणि मी सुटलो. आठ दिवसांनी मावशींनी फ्रीझर धुवायला बंद केला, आत बर्फाच्या पाट्या ठेवल्या आणि तो वजा पाचचा प्रश्न विचारला. वितळणारा बर्फ शून्याला असतो हे मावशींना पदविकेशिवाय माहीत होतं. मीच आकड्याला खाली ढकललं होतं, म्हणून तो सगळीकडेच खाली गेला होता.

रात्री काकांकडे गेलो आणि यावेळी सगळं सांगितलं. त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती चुकीचा आकार. "सगळीकडे सारखीच चूक आहे, का पुढे पुढे वाढत जाते?" सगळीकडे सारखीच असेल तर झीरो हललाय. एका बाजूला वाढत जात असेल तर रेघच वाकडी आहे. मग त्यांनी माझ्याकडून सेन्सरचा मूळ तक्ता मागितला. तो माझ्याकडे नव्हताच. पण मल्टिमीटरने बर्फात मोजलेला रोध वहीत होता: २७.३ के. त्यावरून त्यांनी जुन्या फायलीतून नेमका जुळणारा तक्ता काढला. वजा २० ला ६७.७७ के, वजा १० ला ४२.४७, शून्याला २७.२८, दहाला १७.९६, विसाला १२.०९, पंचविसाला १०, तिसाला ८.३१३.

तक्ता समोर ठेवून गणित केलं तेव्हा माझी मलाच कीव आली. १० केच्या रेझिस्टरवर मधल्या बिंदूला पुरवठ्याचा जो हिस्सा मिळतो तो शून्याला २६.८ टक्के, तिसाला ५४.६ टक्के. म्हणजे दर अंशाला ०.९३ टक्का. या रेघेवरून वजा २० ला ८.३ टक्के यायला हवेत. प्रत्यक्षात १० भागिले ७७.७७, म्हणजे १२.९ टक्के. त्या आकड्याला माझं पॅनल वजा १५.१ म्हणणार. आणि पॅनलने वजा १८ म्हणावं यासाठी आत खरे वजा २५ हून जास्त थंड व्हायला हवं होतं. मावशींच्या त्या जुन्या कॉम्प्रेसरच्या बापालाही ते जमलं नसतं. गॅस कमी नव्हता, रबर फाटलं नव्हतं. माझा रेझिस्टर चुकीच्या जागी सरळ होता.

हे 'चुकीच्या जागी सरळ' काकांनी कागदावर काढून दाखवलं. थर्मिस्टरचा रोध थंडीकडे झपाट्याने चढतो, घसरगुंडीसारखा. एकसर रेझिस्टर लावला की आपण रोध न मोजता हिस्सा मोजतो, आणि हिश्श्याला दोन्हीकडे कुंपण असतं. थर्मिस्टर खूप गरम झाला तर हिस्सा शंभर टक्क्यांजवळ जाऊन आडवा होतो, खूप थंड झाला तर शून्याजवळ जाऊन आडवा होतो. मधे तो एका लांबट 'एस'सारखा चढतो आणि त्या एसच्या पोटात एक तुकडा जवळजवळ सरळ असतो. तो सरळ तुकडा कुठे पडणार हे रेझिस्टरची किंमत ठरवते. आपल्याला हव्या त्या पट्ट्याच्या मधल्या तापमानाला थर्मिस्टरचा जो रोध असेल, त्याच्या साधारण तीन-चतुर्थांश किमतीचा रेझिस्टर लावला की एसचं पोट बरोबर त्या पट्ट्यावर येतं. माझा १० के म्हणजे २० अंशांच्या जवळपास पोट. म्हणून तर गाळ्यात इतका सुंदर चालला!

नेमका आकडा काढायचा तर पट्ट्याचं खालचं टोक, मध्य आणि वरचं टोक या तीन ठिकाणचे रोध घ्यायचे आणि हे सूत्र:

```
Rs = (R2*(R1 + R3) - 2*R1*R3) / (R1 + R3 - 2*R2)
```

मला वजा २० ते अधिक २० हवं होतं. R1 ६७.७७, R2 २७.२८, R3 १२.०९. वरती ५३९.९, खाली २५.३, उत्तर २१.३ के. बाजारात मिळणारा जवळचा म्हणजे २२ के, एक टक्क्याचा मेटल फिल्म. दोन रुपयांचीही वस्तू नाही.

आता वजा अठरा कुठून आणायचं याचंही उत्तर काकांकडे होतं, आणि ते मला लहानपणापासून माहीत होतं. मटका कुल्फीवाला करतो तेच. बारीक फोडलेला बर्फ तीन भाग, जाडं मीठ एक भाग, थर्मासमध्ये कालवायचं. मीठ आणि बर्फाचं मिश्रण वजा २१ च्या खाली जात नाही, पण नीट ढवळलं तर वजा १८-१९ पर्यंत सहज उतरतं. किती उतरलं हे मिठावर न सोडता दादांचं थर्मामीटर सेन्सरला रबरबँडने बांधून बघायचं. तिथेही मी एकदा शेण खाल्लं. सेन्सर उघड्या तारांसकट मिठाच्या पाण्यात घातला. मिठाच्या पाण्यातून वीज जाते, म्हणजे थर्मिस्टरला समांतर आणखी एक वाट तयार झाली. एकूण रोध कमी, आकडा गरम. थंडी खरी असूनही पॅनल वर वर सरकत होतं आणि मी मीठ ओतत होतो. शेवटी सेन्सर फुग्यात घालून तोंड बांधलं तेव्हा आकडा स्थिर झाला.

२२ के लावून झीरो आणि स्पॅन या वेळी मिठाच्या बर्फावर आणि साध्या बर्फावर लावले. गणिताप्रमाणे वजा १० ला पॅनल अर्ध्या अंशाने खाली दाखवतं, अधिक १० ला एक तृतीयांश अंशाने वर, २० ला पाव अंशाने कमी. एसचा तेवढा वाकडेपणा राहतोच, रेझिस्टर तो पुसत नाही, फक्त वाटून टाकतो. किंमत दुसरीकडे मोजावी लागली. उघड्या रिकाम्या फ्रीझरला, खरे ३० अंश असताना, पॅनल आता २७.७ म्हणतं. मावशींनी तेही पकडलं. पण त्याचं उत्तर मी या वेळी खरं दिलं आणि रबराचे नि दादांचे पैसेही परत केले.

इथे थांबलो असतो तर हा लेख निम्माच झाला असता.

वर्षभराने मी स्वतःचं पॅनल करायला घेतलं, मायक्रोकंट्रोलर वापरून. आता सरळ रेघेची गरजच नव्हती. मधल्या बिंदूच्या व्होल्टेजवरून थर्मिस्टरचा रोध काढायचा आणि सूत्रात घालायचा:

```
1/T = 1/T0 + ln(R/R0)/B
```

T केल्विनमध्ये, T0 म्हणजे २९८.१५, R0 म्हणजे १० के. राहिला बीटा. तो मी दुसऱ्या एका कामाच्या प्रोग्रॅममधून उचलला: ३९५०. अनेक १० केच्या सेन्सरांचा तो असतोच. माझ्या सेन्सरचा तो आहे का, हे विचारायचं पुन्हा राहून गेलं. गाळ्यात ३० अंशांना पॅनलने २९.२ दाखवलं. पाऊण अंशाचं काय एवढं, म्हणून पुढे गेलो. फोडलेल्या बर्फात घातलं तर ४.० दाखवलं.

आणि इथे माझ्या शिक्षणाने मला दगा दिला. शाळेत शिकलो होतो की पाणी ४ अंशांना सर्वात जड असतं, म्हणून तळाशी ४ अंशांचं पाणी बसतं. वा! सेन्सर थर्मासच्या तळाशी आहे, म्हणून ४. इतकं देखणं स्पष्टीकरण सापडल्यावर माणूस तपासायचं थांबतो. मी अख्खा दिवस थांबलो. संध्याकाळी सहज ढवळलं. आकडा ४.० च. पाणी ओतून टाकलं, फक्त बर्फाचा चुरा ठेवला. ४.० च. तेव्हा मल्टिमीटर काढला. २७.३ के. सेन्सर तर शून्य अंशच सांगत होता. चार अंश माझ्या प्रोग्रॅममध्ये होते.

चुकीच्या बीटाची खूण हीच. २५ च्या आसपास सगळं ठीक, कारण तिथे R आणि R0 सारखे, लॉगरिदम शून्य, बीटा काहीही घाला. जसजसं २५ पासून लांब जावं तशी चूक वाढत जाते. मुंबईत गाळ्याचं तापमान नेहमी पंचविसाच्या शेजारीच, त्यामुळे टेबलावर ही चूक दिसलीच तर लहान दिसायची. वजा २० ला त्या ३९५० ने वजा १२.६ दाखवलं असतं. माझ्या जुन्या चुकीच्या रेझिस्टरपेक्षाही वाईट.

तक्ता आता जवळ होता. त्यावर बीटा लिहिलेला होता: ३४३५. तो घातला. बर्फात १.१. मिठाच्या बर्फात अजूनही अडीच अंश गरम. आता मात्र मी चिडलो. सेन्सरही खरा, बीटाही छापील, मग हा एक अंश कुठला?

काकांनी बोट ठेवलं ते बीटाच्या शेजारच्या बारीक अक्षरांवर. तिथे '२५/८५' असं लिहिलेलं होतं. मी ते मॉडेलच्या नंबराचा भाग समजून सोडून दिलं होतं. त्याचा अर्थ असा की हा बीटा २५ आणि ८५ या दोन तापमानांच्या रोधांवरून काढलेला आहे. बीटा म्हणजे पदार्थाच्या कपाळावर कोरलेला आकडा नाही. वक्रावरच्या दोन बिंदूंमधून काढलेल्या रेघेचा तो चढ आहे आणि थंडीकडे तो चढ हळूहळू कमी होतो. त्याच तक्त्यातून शून्य आणि २५ घेऊन बीटा काढला तर ३२६९ येतो. शून्य आणि वजा २० घेतले तर ३१४६. गरम पाण्यासाठी मोजलेला आकडा मी मासळीला लावत होतो.

मग मी उलटं केलं. R0 म्हणून १० के न घेता बर्फातला २७.२८ के घेतला, T0 म्हणून २७३.१५, आणि बीटा ३१४६. गणिताने शून्य आणि वजा २० नेमके येतातच. खरी परीक्षा मधली: वजा १० ला उत्तर येतं वजा १०.१. त्या एका दशांशाने मला त्या रात्री झोप लागली. पंचविसाला हेच सूत्र २६.१ म्हणतं, पण फ्रीझर पंचविसाला पोचला असेल तर मावशींना पॅनलची गरज नाही, नाकच पुरेल.

दोन्ही टोकं अचूक हवी असतील तर बीटा सोडून स्टाइनहार्ट आणि हार्ट यांचं सूत्र वापरतात. त्यात तीन गुणांक असतात, म्हणून तपासायलाही तीन तापमानं लागतात. १९६८ साली समुद्रविज्ञानाच्या नियतकालिकात ते छापलं गेलं, समुद्राचं तापमान मोजणाऱ्यांच्या गरजेतून. हे कळल्यावर वर्सोव्याच्या किनाऱ्याकडे जाताना मला उगाच बरं वाटलं होतं. मी ते वापरत नाही. वजा २५ ते अधिक ५ या पट्ट्यासाठी दोन बिंदूंचा स्वतःचा बीटा पुरतो, आणि ते दोन बिंदू मी थर्मासमध्ये बनवू शकतो.

रेझिस्टर मात्र नव्या बोर्डावरही २२ केच ठेवला आहे. सूत्र वापरलं की सरळपणा लागत नाही हे खरं, पण माझ्या कंट्रोलरला शून्य ते १०२३ एवढेच आकडे वाचता येतात. १० के असताना वजा २० ते वजा १० या दहा अंशांत जेमतेम ६३ आकडे यायचे, २२ केला ९८ येतात. जिथे माल ठेवायचा तिथे पायऱ्या दाट.

गेल्या महिन्यात लॅमिंग्टन रोडवरून नवे सेन्सर आणले. पुडीवर पुन्हा '१० के'. दुकानदाराला काही विचारलं नाही. गाळ्यात आल्यावर दहा नग फुग्यांत घातले, बर्फ फोडला. नऊ नग २७ केच्या वर थोडेफार. दहावा ३२ केच्याही वर गेला, दिसायला अगदी तसाच, तोच काळा थेंब, त्याच दोन तारा. तो बाजूला काढून त्याला लाल दोरा बांधला आणि मीठ आणायला खाली उतरलो.